शिल्लक दिसते, पण पैसे नसतात: बँकेच्या उताऱ्यातल्या दोन तारखा

कोण भाकऱ्या थापत ऐकत असेल, कोण गोठ्यात असेल, पण आज जमलं तर पाच मिनिटं हात धुऊन बसा आणि घरातलं पासबुक जवळ घ्या. आम्ही आमच्या गटात झालेली एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट सांगायची तर थोडी लाजही वाटते, कारण त्यात आम्ही आमच्याच खजिनदार ताईवर संशय घेतला होता.

गोष्ट 2024 सालच्या मार्च महिन्यातली. आमचा गट पापड-कुरडया करतो. तालुक्याच्या एका व्यापाऱ्यानं मालाचा 18,600 रुपयांचा चेक दिला. गुरुवारी, 7 मार्चला, ताईनं तो बँकेत भरला आणि लगेच पासबुक छापून आणलं. शिल्लक 22,950 रुपये. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र आणि महिला दिन एकाच दिवशी आले होते. देवळाच्या ओट्यावर आम्ही सगळ्या जमलो, ताईनं पासबुक फिरवलं, सगळ्यांनी आकडा पाहिला. 10 तारखेला एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा 9,400 रुपयांचा हप्ता खात्यातून आपोआप जाणार होता. खात्यात बावीस हजार आहेत म्हटल्यावर कुणी विचारच केला नाही.

सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस दारात. म्हणाला, तुमचा हप्ता परत आला, खात्यात पैसे नव्हते.

बुधवारच्या बैठकीत काय झालं ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगतो की एका काकूंनी सरळ विचारलं, "शुक्रवारी बावीस हजार होते, रविवारी कुठं गेले?" आणि ताई रडून उठून गेली. रजिस्टर घरी ठेवायला नको, दुसरीकडे द्या, इथपर्यंत बोलणं गेलं. पैसे कुणीही काढले नव्हते. पण पासबुकावर छापलेला आकडा आणि बँकेचं म्हणणं यांचा मेळ आम्हाला कुणालाच लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी बँकेत गेलो आणि पासबुक न छापता खातेउतारा मागितला, ज्याला बँकेत स्टेटमेंट म्हणतात. पासबुकात बहुतेक ठिकाणी एकच तारीख छापून येते. उताऱ्यात दोन येतात. महिना संपल्यावर पुन्हा काढलेला तोच उतारा इथे छापला आहे. ज्या ऐकत आहेत त्यांच्यासाठी आम्ही ओळ न् ओळ वाचून दाखवतो.

```
Txn Date  Value Date  Narration             Debit  Credit  Balance
01/03/24  01/03/24    CASH DEP SELF                 2,000    6,350
04/03/24  04/03/24    CASH WDL              2,000            4,350
07/03/24  11/03/24    CHQ DEP CTS                  18,600   22,950
12/03/24  12/03/24    ACH RTN CHG 100324      295           22,655
15/03/24  15/03/24    ACH D                 9,400           13,255
01/04/24  31/03/24    INT PD                           46   13,301
```

आधी मधला रकाना घेऊ. त्याला नॅरेशन म्हणतात, म्हणजे व्यवहार कशाचा त्याचा खुलासा. जागा थोडी असते, म्हणून शब्दांची शेपटं तोडून लिहितात. `DEP` म्हणजे भरणा, `WDL` म्हणजे पैसे काढणं, `CHQ` म्हणजे चेक, `INT` म्हणजे व्याज, `CHG` किंवा `CHRG` म्हणजे बँकेनं लावलेला आकार, `RTN` म्हणजे परत आलं. एवढे पाच-सहा तुकडे ओळखीचे झाले की उतारा निम्मा वाचता येतो. काही बँका अजून जुन्या जमाखर्चाच्या पद्धतीनं ओळीच्या सुरुवातीला `BY` आणि `TO` लिहितात. `BY TRANSFER` असेल तर खात्यात आले, `TO TRANSFER` असेल तर खात्यातून गेले. आपल्याकडे जमा आणि नावे म्हणतात, तेच.

ओळ वाचताना आम्ही आता एक सवय लावून घेतली आहे. पहिला तुकडा पैसे कोणत्या वाटेनं आले किंवा गेले ते सांगतो, मधला आकडा त्या व्यवहाराचा क्रमांक असतो आणि शेवटी बहुधा समोरच्याचं नाव असतं, तेही अर्धं तुटलेलं. नाव अर्धं दिसलं म्हणून घाबरू नका. आमच्या एका जावेच्या उताऱ्यात दुकानाच्या मालकाचं नाव आलं होतं, दुकानाचं नव्हे, आणि ती दोन दिवस हा कोण पुरुष म्हणून शोधत होती.

आता तिसरी ओळ, जिच्यात सगळं गुपित होतं. `CHQ DEP CTS`. चेक भरला. `CTS` ही चेक वटवण्याची पद्धत आहे. चेकचा कागद आता गावोगाव फिरत नाही, त्याचं चित्र व्यापाऱ्याच्या बँकेकडे जातं आणि ती बँक हो किंवा नाही म्हणते. या ओळीत पहिली तारीख 7 मार्च आणि दुसरी 11 मार्च. बाकी सगळ्या ओळींकडे पाहा, शेवटची सोडली तर दोन्ही तारखा सारख्याच आहेत.

पहिली व्यवहाराची तारीख. बँकेनं वहीत नोंद कधी केली ते ती सांगते. दुसरी व्हॅल्यू डेट, मूल्य दिनांक. ते पैसे खरोखर आपले कधी झाले, व्याज कोणत्या दिवसापासून धरायचं आणि त्यावर हप्ता कधीपासून कापता येईल, ते ती सांगते.

बँकेतल्या मॅडमनी समजावलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं पटकन सातबाऱ्याचं उदाहरण दिलं, आणि ते इतकं चपखल होतं की तेच तुम्हाला सांगतो. जमीन घेतली की तलाठी फेरफाराची नोंद धरतो. त्या दिवशी नोंद झाली, पण जमीन तुमच्या नावावर लागली का? नाही. नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद धरल्याचा दिवस वेगळा, प्रमाणित झाल्याचा दिवस वेगळा. 7 मार्चला आमच्या चेकची नोंद धरली होती. तो प्रमाणित झाला 11 मार्चला.

एवढे चार दिवस का लागले? गुरुवारी चेक भरला. त्या वेळच्या पद्धतीनं तो दुसऱ्या कामाच्या दिवशी वटायचा. शुक्रवारी महाशिवरात्रीची सुट्टी, शनिवार महिन्यातला दुसरा म्हणून बँक बंद, मग रविवार. पुढचा कामाचा दिवस सोमवार, 11 तारीख. हप्ता मात्र रविवारीच, 10 तारखेला आला.

इथं आम्ही विचारलं, आणि तुम्हीही विचाराल, की रविवारी बँक बंद असताना हप्ता कसा काय येतो? हप्ते कापण्याची वाट वेगळी आहे. तिला नाच म्हणतात, इंग्रजीत `NACH`, आणि उताऱ्यात ती बहुधा `ACH` किंवा `NACH` अशी दिसते. कर्ज घेताना आपण ज्या फॉर्मवर सह्या केलेल्या असतात, दर महिन्याला अमुक रक्कम कापा म्हणून, त्यावर ती चालते. 1 ऑगस्ट 2021 पासून ही नाच सुट्टीच्या दिवशीही, रविवारीही चालते. चेक मात्र सुट्टीत वटत नाही. म्हणजे खात्यात पैसे येण्याचा दरवाजा तीन दिवस बंद होता आणि जाण्याचा उघडा. रविवारी कंपनीची मागणी आली तेव्हा खात्यात वापरता येण्यासारखे होते फक्त जुने 4,350. कापायचे होते 9,400. मागणी परत गेली.

मग बँकेनं 22,950 छापले ते खोटे का? खोटे नाहीत. बँकेच्या लेखी खात्यात दोन शिलका असतात. एक वहीतली, जिच्यात न वटलेला चेकही धरलेला असतो. दुसरी हाताशी असलेली, जी खरोखर काढता येते. एटीएमची चिठ्ठी नीट पाहिलीत तर अनेकदा तिच्यावर दोन आकडे असतात, `LEDGER BAL` आणि `AVAIL BAL`. आपण पहिला वाचतो आणि खुश होतो. वाचायचा असतो दुसरा. न वटलेल्या चेकवर बँक पैसे का देत नाही तेही सरळ आहे. तो परत आला तर? मग उताऱ्यात `CHQ RTN` अशी ओळ येते आणि जमा केलेले 18,600 पुन्हा नावे पडतात. काही बँका तर चेक वटेपर्यंत नोंदच छापत नाहीत. आम्हाला तीच पद्धत बरी वाटते, निदान माणूस फसत तरी नाही. पण ते आपल्या हातात नाही.

चौथी ओळ आमच्या खिशाला लागलेली. `ACH RTN CHG 100324`. तुकडे पाडून वाचा. नाच, परत, आकार, आणि पुढचा आकडा म्हणजे 10-03-24. आकार लावला 12 तारखेला, पण कशाचा, तर 10 तारखेच्या परतीचा. हे खुलाशात लिहिलेलंच असतं. 295 रुपये कसे झाले? आमच्या बँकेचा आकार 250 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 45. तुमच्या बँकेचा आकार वेगळा असेल. कर्ज कंपनीनं त्यांच्याकडचा उशिराचा आकार लावला तो निराळाच, तो या उताऱ्यात दिसत नाही, कर्जाच्या उताऱ्यात दिसतो. आम्ही 295 परत मागून पाहिले. मॅडम म्हणाल्या, चूक बँकेची नाही. आणि खरंच नव्हती. पाचव्या ओळीत कंपनीनं 15 तारखेला पुन्हा मागणी केली, तेव्हा चेक वटलेला होता, हप्ता गेला.

शेवटच्या ओळीत तारखा उलट्या झाल्या आहेत. `INT PD`, व्याज दिलं. नोंद 1 एप्रिलची, पण मूल्य दिनांक 31 मार्च. तिमाहीचं व्याज 31 मार्चपर्यंतचं, संगणकानं ते दुसऱ्या दिवशी लिहिलं. म्हणजे मूल्य दिनांक पुढचाही असतो आणि मागचाही. मागचा असेल तर घाबरायचं कारण नाही.

आता कुणी म्हणेल, त्या चार दिवसांचं आमचं व्याज बुडालं की. बुडालं, बरोबर आहे. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात. त्याआधी महिन्याच्या 10 तारखेपासून शेवटपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजायचे. आता रोजचा हिशोब, आणि तो मूल्य दिनांकावर. 18,600 रुपयांवर, तीन टक्के दर धरला तर, चार दिवसांचे सहा रुपये होतात. सहा रुपयांसाठी बँकेत भांडायला एसटीचं तिकीट काढू नका. दोन तारखांतलं अंतर आपल्याला व्याजात फार लागत नाही, हप्ता परत जाण्यात लागतं.

एका ठिकाणी मात्र भांडावं. शेजारच्या वाडीतल्या गटाचं उदाहरण घ्या. त्यांनी कर्जखात्यात 12 तारखेला 5,000 रुपये रोख भरले. सारख्या नावाच्या दुसऱ्या गटाच्या खात्यात ते चुकून जमा झाले. पावतीचा अर्धा भाग, बँकेच्या शिक्क्याचा, त्यांनी जपून ठेवला होता, म्हणून चूक सापडली. बँकेनं 24 तारखेला दुरुस्ती केली. पण दुरुस्तीच्या ओळीत दोन्ही तारखा 24 टाकल्या. म्हणजे बँकेच्या हिशोबानं त्या बारा दिवस त्यांनी पैसे भरलेच नव्हते, त्यांचा हप्ता उशिराचा झाला आणि व्याज चालू राहिलं. सात टक्क्यांनी व्याज बारा रुपयांच्या आतच होतं. पण ज्या गटांना वेळेवर फेडीवर व्याजाची सवलत असते त्यांना "उशीर" हा शब्द महागात पडतो. त्या बायकांनी पावती जोडून साधा अर्ज दिला की, पैसे 12 तारखेला भरले आहेत, तरी जमेचा मूल्य दिनांक 12 करावा. झाला. नोंदीची तारीख 24 च राहिली, मूल्य दिनांक 12 झाला. बँकेची चूक असेल तेव्हा "पैसे जमा करा" एवढंच म्हणून थांबू नका, "मूल्य दिनांक भरण्याच्या दिवसाचा टाका" असं म्हणा. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस मान वर करून बघतो.

रिझर्व्ह बँकेनं 2017 साली फसवणुकीबद्दलही असंच सांगून ठेवलं आहे. आपली काही चूक नसताना कुणी ऑनलाइन खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण बँकेला कळवलं, तर तोटा आपल्यावर येत नाही. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं रक्कम खात्यात दाखवायची असते, आणि तिचा मूल्य दिनांक पैसे गेले त्या दिवसाचा धरायचा असतो. आपण होऊन ओटीपी सांगितला असेल तर मात्र, बँकेला कळवेपर्यंत झालेला तोटा आपलाच.

आता तुमच्या स्वतःच्या पासबुकातल्या काही ओळी, कारण त्याबद्दल आम्हाला रस्त्यात थांबवून विचारतात. `APBS` किंवा `ABPS` दिसलं तर ते आधारच्या वाटेनं आलेले सरकारी योजनेचे पैसे. ते तुमचा आधार ज्या बँकेला शेवटचा जोडला आहे त्याच खात्यात पडतात, तुम्ही फॉर्मवर कोणतंही खातं लिहिलेलं असो. या खात्यात आले नाहीत म्हणून रडण्याआधी दुसऱ्या खात्याचं पासबुक छापून बघा. `AEPS` मात्र वेगळं. गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून केलेला व्यवहार तो. तुम्ही अंगठा लावला नसेल आणि ही ओळ दिसली तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात `PMSBY` नावाचे 20 रुपये आणि `PMJJBY` नावाचे 436 रुपये गेले असतील तर ते दोन विम्यांचे वार्षिक हप्ते आहेत, पहिला अपघाताचा, दुसरा आयुर्विम्याचा. संमतीशिवाय ते कापता येत नाहीत. सही केल्याचं आठवत नसेल तर बँकेत फॉर्म दाखवा म्हणा. चालू ठेवायचे असतील तर 25 मेच्या आधी तेवढे पैसे खात्यात ठेवा, आणि चेकनं नव्हे, रोखीनं.

आमच्या गटात त्यानंतर काय बदललं ते सांगतो. व्यापाऱ्याला म्हटलं, चेक नको, एनईएफटीनं पाठवा. डिसेंबर 2019 पासून ती सेवा रात्रंदिवस, सुट्टीतही चालते, म्हणजे दोन्ही तारखा एकच. आधी तो कुरकुरला, पण चेकबुक लवकर संपतं म्हणून तोही खुश झाला. चेकचंही आता बरंच सुधारलं आहे. ऑक्टोबर 2025 पासून कामाच्या दिवशी वेळेत भरलेला चेक त्याच दिवशी वटवायची पद्धत सुरू झाली. पण दुपारी उशिरा भरला किंवा पुढे सुट्ट्या आल्या तर अंतर पडतंच. म्हणून चेक भरताना आम्ही खिडकीवरच विचारतो, आजच्या वेळेत गेला का, की उद्याच्या?

आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला. पूर्वी "बँकेत भरले" अशी एकच तारीख लिहायचो. आता शेजारी "वापरता येतील" अशी दुसरी तारीख लिहितो आणि हप्त्याची तारीख लाल पेनानं. हप्त्याच्या चार दिवस आधी बैठकीत फक्त तो दुसरा रकाना मोठ्यानं वाचायचा.

रजिस्टर ताईच्याच घरी आहे. त्या काकू तिच्याकडे जाऊन आल्या, सोबत कुरडयांचा डबा घेऊन. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी याच वेळी कर्जाचा उतारा घेऊन बसू. तुमच्या उताऱ्यातली न समजलेली ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून पाठवा, खातेक्रमांक मात्र त्यात लिहू नका.